घाटातला लाल दिवा आणि अण्णांचा कान

प्रश्न: वडील चाळीस वर्षं ड्रायव्हर आहेत. आमच्या डिझेल जीपचा तेलाचा लाल दिवा लांबच्या पल्ल्यात मधूनच लागतो. गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की जातो. तेल पूर्ण आहे. वडील म्हणतात, इंजिनाचा आवाज चोख आहे, सेन्सर गेला असेल, चालवत राहा. काय करावं?

उत्तर:

गेज लावून ऑइल प्रेशर तपासेपर्यंत गाडी बाहेरगावी काढू नका. सेन्सर गेला असेल हे अगदी शक्य आहे, वडील उगाच बोलत नाहीत. पण तो गेलाय की नाही हे इंजिनाच्या आवाजावरून कळत नाही. का कळत नाही, ते सांगायला मला आमच्या अण्णांची गोष्ट सांगावी लागेल, कारण तुमच्या गाडीची लक्षणं वाचून मला पहिल्यांदा तेच आठवले.

माझं गॅरेज सोलापुरात अक्कलकोट रोडला आहे. अण्णा माझ्याकडे वीस-एक वर्षं येतात. आधी ट्रक चालवायचे, चादरींचे गठ्ठे घेऊन कुठं कुठं जायचे. पुढे वय झालं तशी दहा सीटची जुनी डिझेल जीप घेतली आणि स्टेशनवरून देवदर्शनाची भाडी मारायला लागले. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर. माणूस कानाचा पक्का. एकदा जीप गॅरेजात वळवतानाच म्हणाले, "मागच्या क्रॉसचा सुई-बेअरिंग गेलाय बघा." मी खाली जाऊन प्रॉपेलर शाफ्ट हलवून बघितला, मला काही जाणवेना. क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, खोलला तर एका कपातल्या सुया गंजून लाल पूड झालेल्या. तेव्हापासून त्यांनी "आवाज येतोय" म्हटलं की मी वाद घालत नाही.

दिव्यांवर मात्र त्यांचा राग होता, आणि तो फुकटचा नव्हता. जुन्या ट्रकवर असताना एकदा विजापूर रोडला हाच लाल दिवा लागला, म्हणून त्यांनी भर उन्हात माल भरलेली गाडी उभी केली. मिस्त्री येईपर्यंत दिवस गेला. निघालं काय, तर प्रेशर स्विचच्या आतून तेल गळत होतं. स्विच बदलला, दिवा गेला. मालकाने दिवसाची मजुरी कापली. त्यानंतर अण्णांचं एकच म्हणणं, "दिवा माझा पगार खातो, कान खात नाय."

त्या वर्षी एप्रिलमध्ये ते क्लच केबलसाठी आले. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे पारा बेचाळीसच्या आसपास, पत्र्याच्या शेडखाली दुपारी पाना हातात धरवत नाही. गाडी आत घ्यायची म्हणून मी किल्ली फिरवली आणि सवयीने डॅशबोर्डकडे बघितलं. चार्जिंगचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. तेलाचा लागला नाही.

हा दिवा इंजिन बंद असताना, नुसती किल्ली ऑन केल्यावर लागलाच पाहिजे. इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो, त्याला एकच वायर. आत एक पडदा आणि एक संपर्क. तेलाला प्रेशर नसलं की संपर्क जोडलेला राहतो, वायरला बॉडीची अर्थ मिळते आणि दिवा पेटतो. इंजिन चालू झालं, प्रेशर आलं की तेल पडदा ढकलतं, संपर्क तुटतो, दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत हे प्रेशर अर्ध्या किलोच्या आतबाहेर ठरवलेलं असतं (आम्ही गॅरेजात किलो म्हणतो, एक किलो म्हणजे साधारण एक बार). म्हणजे किल्ली ऑन करून दिवा लागत नसेल तर तीन शक्यता. बल्ब गेला, स्विच अडकला, नाहीतर वायर सुटली.

बॉनेट उघडलं. वायर सुटलेली नव्हती, काढलेली होती. टोकाला काळी टेप नीट गुंडाळून ती हार्नेसला बांधून ठेवली होती.

"अण्णा, हे कोणी केलं?"

"मीच. काय बघलालाव एवढं? मागल्या महिन्यात तुळजापूरच्या घाटात लागला. गिऱ्हाईक घाबरलं. वर जाऊन चहा घेतला, गाडी चालू केली, दिवा नाय. दोन दिवसांनी परत तसंच. चहाने बरं होणारं दुखणं असतं का ओ मिस्त्री? घाटात गाडी हादरते, वायर कुठंतरी बॉडीला लागत असणार. काढून टाकली. आवाज ऐका की, मख्खन आहे."

त्यांचा तर्क वेडा नव्हता. त्या वायरचं इन्सुलेशन खरवडून ती बॉडीला टेकली तर दिवा नक्की लागतो, अगदी चांगल्या इंजिनातसुद्धा. म्हणून मी आधी तेच तपासलं. टेप काढली, किल्ली ऑन केली, वायरचं टोक ब्लॉकला टेकवलं. दिवा लागला. उचललं, विझला. वायर हातात धरून बोनेटपासून डॅशबोर्डच्या भोकापर्यंत हलवली, खेचली, वाकवली, दिवा एकदाही लुकलुकला नाही. म्हणजे बल्ब आणि वायर दोन्ही ठीक होत्या. मग वायर स्विचला लावली. किल्ली ऑन, दिवा लागला. इंजिन चालू केलं, दुसऱ्या सेकंदाला विझला. अण्णा माझ्याकडे बघून हसले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी नवा स्विच टाकून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं होतं. स्विच स्वस्त असतो, दहा मिनिटांचं काम. बरीच गॅरेजं हेच करतात आणि दहातल्या काही गाड्या त्याने बऱ्याही होतात. पण मला त्यांच्या बोलण्यातलं ते चहाचं खटकत होतं.

तेलाचा दिवा कधी लागतो यावरून बरंच कळतं. इंजिनाचे बेअरिंग झिजले असतील तर दिवा गरम इंजिनात, स्लो चालताना लुकलुकतो आणि ॲक्सिलेटर दिला की जातो. कारण झिजलेल्या जागेतून तेल पटकन सांडतं, पण पंप जोरात फिरला की तेवढी गळती भरून काढतो. अण्णांचं उलटं होतं. सिग्नलला, स्लोला दिवा कधीच नाही. घाट चढून, इंजिन बराच वेळ जोरात फिरल्यावर लागायचा. आणि थोडा वेळ बंद ठेवलं की पुढचे काही किलोमीटर सगळं छान. तुम्ही लिहिलंय तेही हेच आहे. पंपाला जेव्हा जास्त तेल ओढायचं असतं तेव्हाच ते मिळत नाही, असा याचा अर्थ निघतो.

आधी डिपस्टिक बघितली. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. तेल वरच्या खुणेला. हे आधी बघायलाच हवं, कारण तेल कमी असेल तर चढावर ते इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये मागच्या बाजूला जातं आणि पंपाचं नाक उघडं पडतं. तेही घाटातच दिवा लावतं. पण इथे तेल भरपूर होतं. बोटावर घेऊन वास घेतला, डिझेलचा नव्हता. अण्णा म्हणाले, "तेल पूर्ण, मग प्रेशर कुठं जाईल?" हा प्रश्न तुमच्या वडिलांनीही विचारला असेल. दिवा तेल किती आहे ते दाखवत नाही. आडात आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी गत झाली तरी डिपस्टिक आड भरलेला आहे एवढंच सांगते.

मग स्विच काढून त्याच्या जागी काट्याचं गेज बसवलं. आटे जुळणारा ॲडॅप्टर लागतो, तो बहुतेक जुन्या मिस्त्रींकडे असतो. थंड इंजिनावर काटा साडेतीन किलोवर. अण्णा खूश. मी म्हटलं, थांबा. थंड तेल घट्ट असतं, त्याच्यावर कोणीही पास होतो. रेडिएटर नीट तापून वरचा पाइप हाताला चटका देईपर्यंत गाडी चालवत ठेवली. स्लोला काटा सव्वा किलोवर आला. गरम इंजिनात, स्लोला एक किलोच्या वर असेल तर मी अशा जुन्या इंजिनाला नावं ठेवत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा.

अण्णांनी तोवर माझा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला होता. त्याचं टोक ब्लॉकवर, मुठीचं टोक कानाच्या मागच्या हाडाला. डोळे मिटलेले. जुन्या माणसांचा हा स्टेथोस्कोप आहे आणि त्याला मी हसत नाही, मीही वापरतो. हेल्परला म्हटलं, हळूहळू अडीच हजार आरपीएमला ने आणि तिथेच धर.

काटा वर गेला. दोन, अडीच, जवळपास तीन. तिथे थांबला. अण्णा मान डोलवत होते. एक मिनिट, दोन मिनिटं काही नाही. मग काटा थरथरायला लागला आणि उतरायला लागला. घाईने नाही, टाकीतलं पाणी उतरावं तसा. अडीच, दोन, दीड. इंजिन त्याच आरपीएमला, आवाजात काडीचा फरक नाही. मी मुद्दाम अण्णांकडे बघत होतो. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. एक. मी हात वर केला, हेल्परने पाय काढला नाही, पोरगं गेज बघत बसलं होतं. त्याच्यावर ओरडलो तेव्हा काटा अर्ध्या किलोला टेकलेला. इंजिन बंद केलं.

अण्णांनी डोळे उघडले. "का बंद केलं? छान चाललं होतं की ओ."

मी गेजकडे बोट केलं. इंजिन बंद झाल्यामुळे काटा आता शून्यावर होता, त्यामुळे त्यांना ते पटेना. "बंद गाडीत शून्यच दाखवणार." बरोबर होतं ते. म्हणून दहा मिनिटं थांबलो, आणि या वेळी गेज त्यांच्या हातात दिलं, स्क्रू ड्रायव्हरही त्यांच्याच कानाला. चालू केल्यावर काटा पुन्हा छान वर. घाटावरच्या चहाने झालं होतं तेच. अडीच हजारला धरलं. या वेळी अण्णांचे डोळे उघडे होते. काटा उतरायला लागला तसे ते स्क्रू ड्रायव्हर जास्त दाबून ऐकू लागले, जागा बदलली, पुन्हा ऐकलं. दीडच्या खाली आल्यावर स्वतःच म्हणाले, "बंद कर बे पोरा."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "काहीच ऐकू आलं नाय, मिस्त्री."

कान खोटा बोलला नव्हता. ऐकण्यासारखं अजून काही नव्हतंच. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये केसाहूनही कमी जागा असते, त्यात तेलाचा पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. प्रेशर पडलं तरी तो थर लगेच नाहीसा होत नाही. गाडीवर ओझं नसेल तर थोडा वेळ तग धरतो. ओझं असेल, घाट असेल, तर कुठेकुठे धातूला धातू घासतो, पण तोही आधी निमूटपणेच. बेअरिंगचा वरचा थर मऊ असतो, तो आवाज न करता झिजतो. जागा वाढून क्रँकला आपटायला वाव मिळाला की मग "टक टक" येते. ती तुम्ही ऐकता तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं, बहुतेक वेळा क्रँकवरही ओरखडे पडलेले असतात. टॅपेटचा, बेल्टचा, क्रॉसचा आवाज आधी येतो आणि मोडतोड नंतर होते, म्हणून तिथे अण्णांचा कान राजा. इथे मोडतोड आधी आणि आवाज नंतर.

दिवाही काही फार लवकर बोलत नाही, हेही सांगतो. तीन किलोवरून एक किलोवर प्रेशर येईपर्यंत तो गप्पच असतो. अर्ध्या किलोला आल्यावर पेटतो. म्हणजे तो लागला तेव्हाच उशीर झालेला असतो, आणि "जरा पुढचा ढाबा गाठू" एवढीसुद्धा सवड त्यात धरू नये.

संध्याकाळी चेंबर खाली उतरवला. तेल पंपाच्या तोंडाला जाळी असते, स्ट्रेनर म्हणतो आम्ही. ती जाळी अर्ध्याहून जास्त झाकलेली होती. काळा चिकट गाळ होताच, पण त्यात राखाडी रबरासारखे तुकडे आणि दोरे होते. मी एक तुकडा चिमटीत धरून ताणला, तो ताणला गेला. गॅस्केट पेस्ट. अण्णांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. सहा-सात महिन्यांपूर्वी बाहेरगावी चेंबर गळत होता, तिथल्या एका गॅरेजात तो काढून परत बसवला होता. गळू नये म्हणून पेस्ट बोटभर जाड लावलेली. बोल्ट आवळले की जास्तीची पेस्ट बाहेर येते तशी आतही येते. बाहेरची आपण पुसतो. आतली वाळते, गरम तेलात सुटते आणि जाळीवर जाऊन बसते. इंजिन जोरात फिरताना पंपाची ओढ ते तुकडे जाळीवर चिकटवते. इंजिन बंद केलं की ओढ जाते, ते सुटून खाली पडतात, आणि दहा मिनिटांनी सगळं आलबेल. चहाने बरं होणारं दुखणं ते हेच.

बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनचे दांडे क्रँकला जोडतात तिथल्या, टोप्या खोलल्या. चारांपैकी दोन बेअरिंगचा राखाडी थर पट्ट्यापट्ट्यांनी उडून आतलं तांबं दिसत होतं. क्रँकवर मायक्रोमीटर फिरवला, माप स्टँडर्डमध्ये होतं, नख अडकेल असा ओरखडा नव्हता. मेन बेअरिंगही बघितले, ते ठीक निघाले. म्हणजे क्रँक उतरवून ग्राइंडिंगला पाठवायचं आणि घासून बारीक झालेल्या क्रँकच्या मापाचे टेन अंडरसाइज बेअरिंग टाकायचं काम वाचलं. नवे स्टँडर्ड बिग एंड बेअरिंग टाकले, जाळी डिझेलमध्ये धुऊन हवा मारली, जास्तीचं प्रेशर सोडणारा पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ केला, कारण पेस्टचा तुकडा तिथे अडकला तरी प्रेशर पडतं. चेंबरच्या कडा खरवडून कोरड्या केल्या आणि पेस्ट लावली दोन-तीन मिलिमीटरची बारीक रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. फिल्टर नवा, तेल १५डब्ल्यू-४०. शेवटी इंजिन लगेच चालू केलं नाही. स्टॉप केबल ओढून धरली आणि स्टार्टर थोडा थोडा मारत राहिलो, गेजचा काटा हलेपर्यंत. नव्या बेअरिंगला पहिला फेरा कोरडा पडू नये म्हणून.

गेज परत अडीच हजारला धरून बघितलं, या वेळी चांगला पंधरा मिनिटं. काटा साडेतीनच्या आसपास उभा. मग गेज काढून स्विच लावला, तोच जुना. त्याचा काहीच दोष नव्हता.

तुमच्या गाडीत जाळीच असेल असं मी इथून छातीठोक सांगत नाही. पंप झिजलेला असेल, रिलीफ व्हॉल्व्ह अडकत असेल, किंवा वडील म्हणतात तसा स्विचही असेल. स्विच असेल तर गेजचा काटा उभा राहील आणि दिवा तरीही लागेल. स्विचच्या प्लगमध्ये तेल आलेलं दिसलं तर तोही पुरावा समजा. पण क्रम असा ठेवा: तेलाची पातळी, मग किल्ली ऑन करून दिवा लागतोय का, मग गेज, तेही गरम इंजिनावर आणि चांगली पाच-दहा मिनिटं ॲक्सिलेटर धरून. नुसतं चालू करून दोन मिनिटांत "प्रेशर ओके" म्हणणाऱ्या मिस्त्रीला तुमचं दुखणं दिसणारच नाही. घाटात लागतं ते गॅरेजात घाटासारखंच करून बघावं लागतं. गेल्या वर्षभरात चेंबर कुठे उघडला होता का, हेही वडिलांना विचारा. रस्त्यात दिवा लागलाच तर कडेला घेऊन लगेच बंद करा आणि गाडी ओढून आणा. वायर मात्र काढू नका. ती काढली की दिवा कायमचा विझतो आणि सगळं छान असल्यासारखं दिसतं.

अण्णा अजून येतात. मागच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दीतून वाट काढत गॅरेजला आले होते, कुठलासा आवाज येत होता म्हणून. आवाज सायलेन्सरच्या क्लॅम्पचा होता, आणि तो कुठला ते त्यांनीच मला सांगितलं. निघताना किल्ली ऑन करून थांबले. पॅसेंजर मागून म्हणाले, "अण्णा, चला की." ते डॅशबोर्डकडे बघत होते. "लागला," असं स्वतःशीच म्हणाले आणि मग सेल्फ मारला.